ठरलेलं, राहिलेलं आणि नुसतं म्हणणं

पुण्याजवळ भोसरीत पंप बनवणारा एक कारखाना आहे आणि कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत बिडाचं ओतकाम करणारी एक फाउंड्री, असं समजू. दोन्ही कल्पित आहेत आणि पुढचे आकडेही उदाहरणापुरते धरले आहेत, पण अशी बैठक दर आठवड्याला कुठे ना कुठे होत असते. पंपाचं बाहेरचं कवच, म्हणजे केसिंग, फाउंड्रीने ओतून द्यायचं आहे. एका नगाचं वजन १८ किलो आणि महिन्याची गरज साधारण ६०० नगांची, म्हणजे १०,८०० किलो माल. फाउंड्रीने किलोला १०४ रुपये मागितले आहेत, तर कारखाना ९७ द्यायला तयार आहे.

अडीच तास बोलणं चालतं. दुसऱ्या चहाच्या वेळी फाउंड्रीचे मालक म्हणतात, "महिन्याला सहाशे नग पक्के द्या, तीस दिवसांत पैसे सोडा, नव्व्याण्णवला करून टाकतो की." खरेदी विभागाचे साहेब म्हणतात, "ठीक आहे, वरती बोलून बघतो." मग पॅटर्नच्या खर्चाचा विषय निघतो, नंतर रिजेक्शनचा, नंतर पैसे किती दिवसांत द्यायचे याचा. निघताना हस्तांदोलन होतं. दुसऱ्या दिवशी खरेदी विभागातला एक तरुण मिनिट्स लिहून ईमेलने पाठवतो.

"सविस्तर चर्चेअंती व्हेंडरने रु. ९९ प्रति किलो दरास सहमती दर्शवली. पॅटर्नची मालकी कंपनीची राहील व खर्च टप्प्याटप्प्याने समायोजित करण्यात येईल. पेमेंट ६० दिवस, व्हेंडरने ३० दिवसांची विनंती केली. रिजेक्शनमुळे होणारे नुकसान व्हेंडरकडून वसूल करण्यात येईल. कच्च्या मालाच्या दरातील फरक दर तिमाहीस परस्पर संमतीने ठरवण्यात येईल."

भाषा नीटनेटकी आहे आणि एकही मुद्दा सुटलेला नाही, तरीही या पाच वाक्यांनी पुढच्या भांडणाची तयारी करून ठेवली आहे. पंपांची मागणी मंदावते आणि तिसऱ्या महिन्यात कारखाना ६०० ऐवजी ४१० नगांचीच मागणी पाठवतो. फाउंड्रीचं बिल १०४ च्या दराने येतं, कारण त्यांच्या डोक्यात ९९ चा दर सहाशे नगांना बांधलेला आहे. कारखान्याचा अकाउंट्स विभाग मिनिट्स उघडतो, ९९ वाचतो आणि त्या हिशेबाने बिल पास करतो. ४१० नगांचा माल ७,३८० किलोचा, त्यामुळे एका महिन्यात ३६,९०० रुपयांचा फरक पडतो. फाउंड्री पुढची गाडी थांबवते. खोटं कोणीच बोललेलं नसतं, नोंद मात्र चुकीची झालेली असते.

चूक कुठे आहे ते पाहू. फाउंड्रीच्या मालकांनी ९९ रुपयांचा दर "दिला" नव्हता. महिन्याला ६०० नग आणि ३० दिवसांत पैसे या दोन अटींवर त्यांनी तो देऊ केला होता. कारखान्याने त्यातली एकही अट बैठकीत स्वीकारली नाही. म्हणजे त्या दिवशी टेबलावर एक सशर्त प्रस्ताव होता आणि त्यावर "वरती बोलून बघतो" हे उत्तर आलं होतं. भारतीय करार कायदा १८७२ मधला आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे स्वीकृती निःसंदिग्ध आणि बिनशर्त हवी. "दर तुमचा घेतो, अटी सोडून देतो" ही स्वीकृती होत नाही, तो नवा प्रस्ताव होतो. कलम ५ प्रमाणे समोरच्याची स्वीकृती पूर्ण होण्याआधी प्रस्ताव मागेही घेता येतो. मिनिट्स लिहिणाऱ्या तरुणाने प्रस्तावातली कारखान्याला सोयीची अर्धी बाजू उचलून ती "सहमती" म्हणून लिहिली. त्याच्या मनात लबाडी नसेल. ऐकताना आपण आकडा लक्षात ठेवतो, त्याच्या आधी आलेला "जर" निसटून जातो.

याच कायद्याच्या कलम २९ मध्ये अर्थ निश्चित करता येत नाही असे करार रद्दबातल ठरतात, आणि ते समजावायला कायद्यानेच काही उदाहरणं दिली आहेत. एकात एक माणूस आपला पांढरा घोडा पाचशे किंवा हजार रुपयांना विकायचं कबूल करतो. दोहोंपैकी किंमत कोणती हे सांगणारं काहीच नाही, म्हणून तो करार टिकत नाही. आपल्या केसिंगलाही दोन किमती आहेत, ९९ आणि १०४. कोणती केव्हा लागू होते हे अट लिहिली तरच कळतं. अट गळली की दीडशे वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.

म्हणून वाटाघाटीचे मिनिट्स लिहिताना कागदाचे दोन भाग करावेत, असं माझं ठाम मत आहे. पहिल्यात ठरलेलं, दुसऱ्यात राहिलेलं, आणि राहिलेल्या प्रत्येक प्रश्नाखाली दोन्ही बाजूंचं आजचं म्हणणं. ऐकायला हे सोपं वाटतं. अवघड जातं ते एखादं वाक्य कोणत्या भागात टाकायचं हे ठरवणं, कारण टेबलावर माणसं ठरावाच्या भाषेत बोलत नाहीत. "होऊन जाईल", "बघूया की", "तुम्ही म्हणताय तर करू काहीतरी", "त्याचं काही एवढं नाही" अशा वाक्यांत होकार किती आणि सौजन्य किती, हे ऐकणाऱ्याला कळतंच असं नाही. यावर एक प्रश्न उपयोगी पडतो आणि तो तिथल्या तिथेच विचारावा: "उद्या याच शब्दांत पीओ काढला तर तुम्हाला चालेल का?" पीओ म्हणजे परचेस ऑर्डर, तिच्यावर माल निघतो आणि बिल होतं. या प्रश्नाला सरळ "हो" आलं तर मुद्दा पहिल्या भागात जातो. "हो, पण" आलं तर तो दुसऱ्या भागात जातो आणि "पण" च्या पुढचं सगळं त्या बाजूचं म्हणणं म्हणून खाली लिहिलं जातं.

"हो" म्हणणाऱ्याला ते म्हणण्याचा अधिकार आहे का, हेही बघावं लागतं. आपल्या बैठकीत फाउंड्रीचे मालक स्वतः बसले होते, त्यामुळे त्यांचा शब्द तिथेच पक्का होत होता. कारखान्याच्या साहेबांना मात्र महिन्याच्या किमान नगांची हमी देण्याचा अधिकार नव्हता. ती हमी उत्पादन आणि वित्त विभागाच्या संमतीनेच देता येते. अशा वेळी "तत्त्वतः मान्य" असा शब्दप्रयोग फार वापरला जातो. तो पहिल्या भागात येऊ देऊ नये. एका बाजूने पूर्ण होकार दिला आणि दुसरीला वरून मंजुरी आणायची आहे, तर मुद्दा राहिलेलाच आहे. कोणाची मंजुरी, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं त्याच्यापुढे लिहावं. "तत्त्वतः" लिहिलं की मंजुरी आणणाऱ्याला काम झाल्यासारखं वाटतं आणि समोरच्याला सौदा झाल्यासारखं.

आता पॅटर्नकडे वळू, कारण आपल्या उदाहरणातली सगळ्यात महागडी गफलत तिथे आहे. वाळूत ज्याचा ठसा घेऊन साचा तयार करतात तो पॅटर्न, आणि केसिंगच्या आतली पोकळी ज्यामुळे येते त्या गाभ्यासाठीचा कोअरबॉक्स. दोन्ही धातूचे, नवे करून घ्यायचे तर आपल्या उदाहरणात ४ लाख ५० हजार रुपये लागतात. फाउंड्रीचं म्हणणं होतं की ही रक्कम कारखान्याने आधी द्यावी. कारखान्याचं म्हणणं होतं की फाउंड्रीने पैसे घालावेत आणि पहिल्या ६,००० नगांच्या किमतीत ते वसूल करावेत.

हिशेब करू. साडेचार लाख भागिले सहा हजार म्हणजे नगाला ७५ रुपये. नग १८ किलोचा, म्हणजे किलोला ४ रुपये १७ पैसे. ९९ च्या दरात हे धरलेले आहेत की नाहीत? धरलेले नसतील तर पहिले दहा महिने कारखाना प्रत्यक्षात किलोला १०३ रुपये १७ पैसे देणार, म्हणजे फाउंड्रीने सुरुवातीला मागितलेल्या १०४ च्या अगदी जवळ. धरलेले असतील तर फाउंड्रीला ओतकामाचे जेमतेम ९५ सुटतात आणि त्या दराला ती कधीच तयार नव्हती. कारखान्यातल्या लोकांना वाटत होतं की किलोमागे पाच रुपये, म्हणजे महिन्याला ५४ हजार वाचवले. पॅटर्नचा प्रश्न सुटेपर्यंत ते वाचले की नाही हे कोणालाच सांगता येत नव्हतं. तरीही मिनिट्समध्ये दर "ठरला" आणि पॅटर्नचा खर्च "समायोजित करण्यात येईल" या क्रियापदाच्या आड गेला. दर आणि पॅटर्न वेगवेगळ्या क्रमांकांखाली लिहिले, पण त्यातला पैसा एकच होता.

मालकीचंही तसंच. "पॅटर्न कंपनीचा" यावर दोघांनी मान डोलावली होती. ओतकामात या मालकीला फार महत्त्व असतं. उद्या कारखान्याला दुसऱ्या फाउंड्रीकडे जायचं झालं तर पॅटर्न उचलून नेता आला पाहिजे, नाहीतर नवा करण्यात पैसे आणि कित्येक आठवडे जातात. पण खर्च नगांतून वसूल होणार असेल, तर ६,००० वा नग निघेपर्यंत त्या पॅटर्नमध्ये फाउंड्रीचे पैसे अडकलेले असतात. दोन हजार नगांनंतर कारखान्याने पॅटर्न मागितला तर? उरलेल्या ४,००० नगांचे तीन लाख कोण देणार? म्हणजे मालकीचा मुद्दा ठरल्यासारखा दिसतो, पण त्याचा अर्धा भाग न ठरलेल्या मुद्द्यावर टांगलेला आहे. मिनिट्समध्ये त्याची फोड करावी. "पूर्ण रक्कम फिटल्यावर पॅटर्न व कोअरबॉक्स कंपनीचे" एवढं दोघांना मान्य असेल तर ते पहिल्या भागात लिहावं. रक्कम कधी आणि कशी फिटणार, आणि त्याआधी पॅटर्न हलवायचा झाला तर काय, हे दुसऱ्या भागात.

यावरून एक सवय लावून घेण्यासारखी आहे. पहिल्या भागात टाकलेल्या प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारायचं, की दुसऱ्या भागातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर बदललं तर हे वाक्य टिकतं का? टिकत नसेल तर ते ठरलेलं नाही, किंवा ठरलं आहे तेवढाच त्याचा तुकडा पहिल्या भागात ठेवायला हवा. मिनिट्स वाचणारे अनुभवी लोक मजकुराच्या आधी हा धागा तपासतात.

पैसे देण्याच्या मुदतीत वेगळीच अडचण आहे. "पेमेंट ६० दिवस, व्हेंडरने ३० दिवसांची विनंती केली" या वाक्यात कारखान्याची मागणी नियमासारखी लिहिली आहे आणि फाउंड्रीची मागणी विनंती झाली आहे. खरं तर दोन्ही मागण्याच होत्या. मिनिट्स बहुधा खरेदीदार लिहितो, त्यामुळे असा कल नकळत येतो. तो टाळायला प्रश्न प्रश्नासारखाच लिहावा: "माल स्वीकारल्यापासून किती दिवसांत पैसे द्यायचे?" आणि खाली दोन्ही म्हणणी सारख्याच क्रियापदाने: कंपनीचे म्हणणे ६० दिवस, व्हेंडरचे म्हणणे ३० दिवस.

इथे कायद्याचीही एक मर्यादा आहे. ती सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ मधून येते. फाउंड्री नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर कलम १५ प्रमाणे लेखी करार करूनही ४५ दिवसांपलीकडची मुदत ठेवता येत नाही, आणि मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस धरले जातात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर प्राप्तिकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी धरता येतो. तेव्हा दोघांनी हसत हसत ६० दिवस कबूल केले तरी लघु उद्योगाच्या बाबतीत ते पहिल्या भागात लिहिण्याजोगं नाही. मिनिट्स लिहिणाऱ्याने बैठकीतच विचारावं, "तुमची उद्यम नोंदणी कोणत्या वर्गात आहे?" आणि उत्तर नोंदवून प्रमाणपत्राची प्रत मागावी.

ही मुदत रिजेक्शनलाही जाऊन भिडते. ओतताना वायू अडकून आत राहिलेली पोकळी, ज्याला कारखान्यात ब्लोहोल म्हणतात, बाहेरून दिसत नाही. मशीनवर वरचा थर कापला की ती उघडी पडते. माल आला, गोदामात पडून राहिला, पंचवीस दिवसांनी मशीनवर चढला आणि तेव्हा दोष सापडला, असं सर्रास होतं. कायद्याप्रमाणे मालावर लेखी हरकत माल मिळाल्यापासून १५ दिवसांत घ्यावी लागते, तरच पैशांच्या मुदतीची सुरुवात हरकत मिटेपर्यंत पुढे जाते. पंचविसाव्या दिवशी सापडलेल्या दोषाने ती जात नाही. म्हणून "रिजेक्शन व्हेंडरकडून वसूल करण्यात येईल" हे वाक्य ऐकायला करडं असलं तरी निरुपयोगी आहे. केव्हा सापडलेलं, कोणी तपासलेलं आणि काय वसूल करायचं, यातलं त्यात काहीच नाही.

बैठकीत यातलं काही खरोखर ठरलं होतं. दोषी नग बाजूला ठेवायचे, फाउंड्रीच्या माणसाने सात दिवसांत येऊन ते पाहायचे, दोष ओतकामाचा निघाला तर नग बदलून द्यायचे. मशीनवर नग वाकडा पकडल्यामुळे झालेलं नुकसान ओतकामाच्या माथी मारलं जाऊ नये, म्हणून ही एकत्र तपासणी फाउंड्रीला हवी होती. राहिलं होतं ते एवढंच: दोष सापडेपर्यंत मशीनवर झालेला नगामागे ३२० रुपयांचा खर्च कोणाचा? फाउंड्रीचं म्हणणं, दोन टक्क्यांपर्यंतच्या रिजेक्शनवर हा खर्च कापू नये. कारखान्याचं म्हणणं, प्रत्येक नगावर कापावा. महिन्यात चार टक्के, म्हणजे २४ नग बाद झाले, तर कारखान्याच्या हिशेबाने ७,६८० रुपये कापले जातात आणि फाउंड्रीच्या हिशेबाने १२ नगांचे ३,८४०. मोठा फरक नाही. पण "नुकसान वसूल करण्यात येईल" असं वाचून फाउंड्रीच्या मालकांना वाटणार की सगळंच आपल्यावर ढकललं, आणि एवढ्याशा रकमेपायी मोठ्या मुद्द्यांवरचा त्यांचा विश्वास उडणार.

कच्च्या मालाच्या फरकाचं वाक्य झटक्यात उरकता येईल. दर तिमाहीला फेरविचार, आणि तो पिग आयर्नच्या भावावरून, एवढं ठरलं होतं. कोणाचा भाव हे ठरलं नव्हतं. फाउंड्रीला स्वतःची खरेदी बिलं दाखवायची होती, कारखान्याला दोघांनाही पाहता येईल असा प्रसिद्ध होणारा बाजारभाव हवा होता. "परस्पर संमतीने" हे शब्द तिथे काहीच करत नाहीत, कारण संमती झाली नाही तर काय, हे ते सांगत नाहीत.

आता तेच मिनिट्स नव्याने लिहू.

"बैठक : १० जून. वाटाघाटी सुरू आहेत. भाग एकमधील मुद्दे अंतिम पीओमध्ये समाविष्ट झाल्यावरच बंधनकारक होतील.

भाग एक : ठरलेले.
१. पॅटर्न व कोअरबॉक्सची पूर्ण रक्कम फिटल्यावर त्यांची मालकी कंपनीची.
२. दोषी नगांची एकत्र तपासणी, कळवल्यापासून सात दिवसांत. दोष ओतकामाचा असल्यास नग बदलून देणे.
३. दराचा फेरविचार दर तिमाहीस, पिग आयर्नच्या भावावर आधारित.

भाग दोन : राहिलेले.
४. प्रति किलो दर किती, आणि त्यात पॅटर्नचा खर्च धरायचा का? व्हेंडरचे म्हणणे : रु. १०४, दरमहा किमान ६०० नगांची लेखी हमी आणि ३० दिवसांत पैसे, या दोन्ही अटी मान्य झाल्यास रु. ९९. दोन्ही दर पॅटर्नचा खर्च वगळून. हे म्हणणे २४ जूनपर्यंत. कंपनीचे म्हणणे : रु. ९७, पॅटर्नचा खर्च धरून. किमान नगांच्या हमीबाबत उत्पादन व वित्त विभागाचे उत्तर कंपनी २० जूनपर्यंत कळवेल.
५. पॅटर्नचे रु. ४,५०,००० कोणी, कधी द्यायचे. रक्कम फिटण्याआधी पॅटर्न हलवल्यास उरलेल्या रकमेचे काय? व्हेंडरचे म्हणणे : कंपनीने आगाऊ द्यावेत. कंपनीचे म्हणणे : व्हेंडरने गुंतवावेत, पहिल्या ६,००० नगांत नगामागे रु. ७५ वसूल करावेत. मुद्दा ४ शी जोडलेला.
६. पैसे किती दिवसांत? व्हेंडर : ३०. कंपनी : ६०. व्हेंडर उद्यम प्रमाणपत्र १३ जूनपर्यंत पाठवेल. लघु वर्ग असल्यास कमाल मर्यादा ४५.
७. बाद नगावरील मशीनिंगचा खर्च कोणाचा? व्हेंडर : दोन टक्क्यांपर्यंत कपात नको. कंपनी : प्रत्येक नगावर कपात.
८. फेरविचारासाठी कोणता भाव? व्हेंडर : स्वतःची खरेदी बिले. कंपनी : प्रसिद्ध होणारा बाजारभाव.
पुढील बैठक २४ जून."

पहिल्या मसुद्यात दर ठरलेला दिसत होता. इथे तो राहिलेल्यांत आहे आणि ठरलेले मुद्दे फक्त तीन आहेत. खरेदी विभागाच्या प्रमुखांना असा कागद पाहून बैठक वाया गेली असं वाटू शकतं. वास्तविक आता पहिल्यांदाच दिसतंय की चौथा आणि पाचवा मुद्दा एकत्र सोडवायला हवेत आणि सहावा सुटला तर चौथ्यातली एक अट आपोआप सुटू शकते. पुढच्या बैठकीचा विषयक्रम वेगळा लिहावा लागत नाही, भाग दोनच विषयक्रम होतो. मिनिट्सचा हेतू बैठक यशस्वी झाली असं दाखवण्याचा असेल तर लिहिणारा भाग एक फुगवत जातो. या जातीच्या कागदात सगळ्यात जास्त दिसणारा दोष तोच आहे.

वरच्या मसुद्यात काय नाही, हेही पाहा. फाउंड्रीच्या मालकांनी बोलण्याच्या ओघात "सध्या भट्टी निम्मीच चालू आहे" असं म्हटलं असेल, तर ते इथे आलेलं नाही. ते त्यांचं म्हणणं नव्हे, बोलता बोलता निघालेली माहिती आहे. ती नोंदवली तर पुढच्या वेळी ते तोंड उघडणार नाहीत. त्याचप्रमाणे कारखान्याची आतली तयारी, म्हणजे शंभरपर्यंत जायला आम्ही राजी आहोत वगैरे, या कागदात कधीच येता कामा नये. तिच्यासाठी वेगळं टिपण, वेगळी फाइल आणि वेगळा ईमेल हवा. एकाच फाइलमध्ये खाली आतली टिपणं ठेवून पाठवताना ती पुसायची, अशी पद्धत काही ठिकाणी आहे. ती आजच सोडावी, एखाद्या दिवशी पुसायचं राहतंच.

मसुदा तयार झाल्यावर तो कसा मान्य करून घ्यायचा, यातही एक सापळा आहे. बहुतेक मिनिट्सच्या तळाशी "दोन दिवसांत हरकत न आल्यास मान्य समजण्यात येईल" अशी ओळ असते. बैठकीत काय झालं याची नोंद म्हणून तिचा थोडा उपयोग आहे, पण एखादी नवी जबाबदारी समोरच्याच्या नुसत्या गप्प राहण्याने त्याच्यावर येत नाही. इंग्लंडमधल्या १८६२ च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या खटल्यापासून ही गोष्ट पक्की आहे. पुतण्याकडून उत्तर आलं नाही तर घोडा माझा, असं एका काकाने लिहिलं होतं आणि न्यायालयाने ते मानलं नाही. म्हणून भाग एकला तरी लेखी होकार मागावा. त्याआधीचा सोपा मार्ग म्हणजे उठण्यापूर्वी दहा मिनिटं काढून भाग एक मोठ्याने वाचून दाखवणं. बऱ्याच दुरुस्त्या तिथेच निघतात. समोरच्याने नंतर दुरुस्ती पाठवली तर मूळ मजकूर खोडून टाकू नये. तारीख घालून नवी आवृत्ती काढावी आणि काय बदललं ते एका ओळीत लिहावं. दुरुस्तीवरही दोघांचं जमलं नाही, तर तो मुद्दा भाग दोनमध्ये जातो.

भाग एकच्या वरची "पीओमध्ये समाविष्ट झाल्यावरच बंधनकारक" ही ओळ सवयीने घालण्यासारखी वाटते, पण तिच्यामागे न्यायालयांचा अनुभव आहे. ट्रायमेक्स इंटरनॅशनल आणि वेदांत ॲल्युमिनियम यांच्यात बॉक्साइटच्या पुरवठ्याबद्दल ईमेलवर बोलणी झाली होती आणि औपचारिक करारावर सह्या झालेल्या नव्हत्या. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं की महत्त्वाच्या सगळ्या बाबी ईमेलमध्ये ठरल्या होत्या, म्हणून करार झालेला आहे. उलट नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस रिकमर्स या जर्मन जहाज कंपनीच्या आणि इंडियन ऑइलच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सगळा पत्रव्यवहार वाचून निर्णय दिला, की दोघांची मनं सर्व अटींवर जुळलीच नव्हती, म्हणून करार नाही. दोन्ही वेळी न्यायालयाने कागदाचं नाव पाहिलं नाही. ठरलेलं किती आणि राहिलेलं किती, हे पत्रव्यवहारातून शोधून काढलं. तुमच्या मिनिट्सवर तीच मेहनत कोणाला करावी लागू नये, म्हणून ती लिहितानाच करायची. ही वरची ओळ घातल्याने सगळा धोका टळतो असं मात्र नाही. मिनिट्स पाठवून दुसऱ्या दिवशी त्याच अटींवर माल मागवायला लागलात, तर तुमचं वागणंच त्या ओळीच्या विरोधात पुरावा होईल.

या पद्धतीची मर्यादाही आहे. बैठकीत पंधरा मुद्दे असतील आणि प्रत्येक मुद्दा दुसऱ्यावर अवलंबून असेल, तर भाग दोन इतका गुंततो की वाचणारा कंटाळतो. तेव्हा एकमेकांना जोडलेले मुद्दे एका गठ्ठ्यात बांधून पूर्ण प्रस्ताव म्हणून लिहिणं बरं पडतं: व्हेंडरचा प्रस्ताव अ असा, कंपनीचा प्रस्ताव ब असा, आणि दोन्ही पूर्ण घ्यायचे किंवा पूर्ण सोडायचे.

शेवटी अंतिम पीओवर सही करण्याआधी शेवटच्या मिनिट्समधला भाग एक शेजारी ठेवा आणि ओळीमागून ओळ जुळवा. पीओत असलेली पण भाग एकमध्ये नसलेली ओळ सापडली, तर सही थांबवून फोन उचला.